1856 चा विधवाविवाह कायदा नेमका कोणासाठी होता? (धर्मेतिहासाचा पेपर)

रेवती_महाल

नमस्कार मंडळी. मी इथेच नागपुरात एम.ए. करते, 'धर्माचा इतिहास' हा पेपर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू सुधारणा चळवळी आणि त्यांची जात, विधवाविवाह व शिक्षण याबद्दलची उद्दिष्टं यावर बाराशे शब्दांचं टिपण द्यायचंय. ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, आर्य समाज, सत्यशोधक अशी यादी सगळेच लिहिणार, म्हणून सरांनी मला वेगळा प्रश्न दिला: "1856 च्या कायद्याने विधवांचे हक्क वाढले की कमी झाले? कोणत्या जातीच्या विधवेबद्दल बोलतेस ते आधी ठरव."

पहिलं वाक्य कळलं. दुसऱ्यात अडकले. जातीप्रमाणे कायदा वेगळा होता का?

बर्डीचा_बाळू

काही अवघड नाही ताई. 1856 च्या आधी हिंदू विधवेला दुसरं लग्न करताच येत नव्हतं. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला श्लोक शोधून काढला, 'नष्टे मृते प्रव्रजिते' वाला. सरकारकडे अर्ज केला, कायदा झाला आणि बाया मोकळ्या झाल्या. म्हणजे हक्क वाढले. जात कुठं आली यात? कायद्यात तर 'हिंदू विधवा' असंच लिहिलं आहे.

जुनी_सनद

बाळूभाऊ, अर्धं बरोबर आहे. श्लोक खरा, अर्जही खरा. पण "करताच येत नव्हतं" हे ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागणाऱ्या वरच्या जातींपुरतं. आपल्या भागातल्या कुणबी, तेली, माळी, महार अशा बहुतेक जातींत विधवेचा पाट लागायचाच. कोणी त्याला मोहतूर म्हणतं. त्याला ना विद्यासागरांचा श्लोक लागत होता, ना इंग्रजांचा कायदा.

मात्र पाट म्हणजे पहिल्या लग्नाइतक्या मानाचं लग्न नव्हे, हेही लक्षात घ्या. तो रात्री लागायचा, सवाष्णी समोर येत नसत, वाजंत्री नसे. नवरा मुलगा बिनलग्नाचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचे, म्हणजे त्याचं 'पहिलं' लग्न झाडाशी झालं आणि बाई दुसरी ठरली. पण संबंध जातीत मान्य असे, मुलं औरस धरत, पंचायत त्याला उभी राही.

आता रेवती, तुझा प्रश्न. कायद्याचं पहिलं कलम सगळे वाचतात: विधवेचं लग्न वैध, संतती औरस. दुसरं कलम वाच. विधवेने पुन्हा लग्न केलं की मयत नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क, मग तो पोटगीचा असो की वारशाचा, 'ती त्या दिवशी मेली असती तर' जसा संपला असता तसा संपतो. नवऱ्याने मृत्युपत्रात लग्नाची परवानगी देऊन मालमत्ता ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, पण अशी मृत्युपत्रं करणारे नवरे किती असतील?

ब्राह्मण विधवेला पूर्वी लग्नच शक्य नव्हतं. तिला लग्नाचा हक्क मिळाला आणि किंमत म्हणून जमीन गेली. ज्या जातीत पाट आधीपासून होता, तिथल्या बाईला या कायद्याने नवीन काहीच दिलं नाही. मग तिच्याकडून किंमत घ्यायची का? सरांच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ हा आहे.

रेवती_महाल

काका, हे पुस्तकात एका ओळीत उरकलंय. "तिच्याकडून किंमत घेतली" म्हणजे प्रत्यक्षात काय व्हायचं? एखादं उदाहरण द्याल का?

जुनी_सनद

देतो. माणसं कल्पित आहेत, नियम खरे.

एक कुणबी शेतकरी. भावापासून वाटणी झालेली, स्वतःच्या नावावर बारा एकर. मूलबाळ नाही, आईबाप वारलेले. तो मेला. वाटणी झालेली आणि मुलगा नाही, म्हणून त्या काळच्या हिंदू कायद्याने जमीन बायकोकडे येते, पण हयातीपुरतीच. पीक तिने घ्यावं, खावं. गरजेशिवाय विकता येत नाही. ती गेल्यावर जमीन नवऱ्याच्या वारसाकडे, म्हणजे इथे दिराकडे. (वाटणी झालेली नसती तर तिला जमीन मिळालीच नसती, नुसती पोटगी. बहुतेक विधवांचं तेच व्हायचं, हे विसरू नका.)

दोन वर्षांनी ती शेजारच्या गावात पाट लावून गेली. दीर कोर्टात गेला: वहिनीने लग्न केलं, दुसऱ्या कलमाप्रमाणे ती माझ्या भावापुरती मेली, जमीन मला द्या.

आता निकाल कुठल्या हायकोर्टाच्या हद्दीत आहात त्यावर. अलाहाबादने 1889 साली म्हटलं की या जातीत पुनर्विवाह रूढीनेच मान्य होता, बाईने कायद्याचा आधार घेतलेला नाही, म्हणून कायद्यातली शिक्षाही तिला लागू नाही. रूढीतच जमीन जात असेल तर जाईल, नाहीतर नाही. मुंबईच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात उलट सांगितलं: कलमात 'कोणतीही विधवा' असे शब्द आहेत, जात कोणतीही असो, हक्क गेला. मद्रास आणि कलकत्ताही साधारण मुंबईच्या बाजूचे.

म्हणजे बाई तीच, पाट तोच, पण अलाहाबादकडे जमीन राहण्याची शक्यता आणि मुंबईकडे गेलीच समजा.

बर्डीचा_बाळू

बाप्पा! मग बाईनं पाटच लावला नसता, तशीच राहिली असती त्या माणसासोबत, तर?

जुनी_सनद

बाळूभाऊ, तुम्ही गमतीत विचारलंत, पण खरी मेख तिथेच आहे. 1880 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे लंडनातल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, आसामातला मोनिराम कोलिता विरुद्ध केरी कोलितानी हा खटला आला. विधवेला नवऱ्याची मालमत्ता एकदा मिळाली, मग तिचं वागणं 'बिघडलं', तर मालमत्ता काढून घेता येते का? निकाल: नाही. एकदा मिळाली ती मिळाली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. कोणाबरोबर लग्नाविना राहिली तर बारा एकर तिच्याकडे. रीतसर पाट लावला तर बारा एकर दिराकडे. मग कोर्टात दीर पाटाचे साक्षीदार उभे करणार, आणि बाईला आपली जमीन वाचवायला "माझं लग्नच झालेलं नाही" असं सांगणं भाग. रात्री चार माणसांत उरकलेला विधी, कागद नाही, भटजीची नोंद नाही. साक्षी कशा फिरत असतील ते वकिली केलेल्यांना सांगायला नको.

सुलभा_धरमपेठ

हा धागा वाचून छातीत धस्स झालं. माझे मोठे काका 1994 मध्ये वारले. काकूने तीन वर्षांनी रीतसर लग्न केलं. काकांच्या वाट्याचं काटोलकडचं शेत तिच्या नावावर आहे. आता भावकीतले एक गृहस्थ म्हणतात की "इंग्रजांच्या कायद्याप्रमाणे लग्न केल्यावर शेत परत द्यावं लागतं." खरंच असं आहे का? आता काय करावं?

जुनी_सनद

सुलभाताई, घाबरू नका. हा धागा इतिहासाचा आहे, पण तुमच्यापुरतं सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर विधवेला मिळालेली मालमत्ता हयातीपुरती राहत नाही, तिच्या पूर्ण मालकीची होते. नंतर लग्न केलं म्हणून ती काढून घेता येत नाही. तो 1856 चा जुना कायदा तर 1983 मध्ये रद्दच झाला. फक्त वारसा उघडण्याच्या दिवशीच लग्न झालेलं असलेल्या काही विधवांसाठी, उदाहरणार्थ आधी वारलेल्या मुलाची विधवा, एक अडसर होता. 2005 च्या दुरुस्तीत तोही गेला. तुमची काकू म्हणजे काकांची स्वतःची पत्नी, आणि लग्न वारसा मिळाल्यानंतरचं. सातबारा आणि फेरफार घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा, भावकीला तोंडी उत्तर देत बसू नका.

सुलभा_धरमपेठ

खूप आभार काका. म्हणजे ते गृहस्थ दीडशे वर्षं जुना कायदा घेऊन फिरताहेत तर.

ओवी_आणि_असूड

मी शाळेत इतिहास शिकवते. सनदकाकांचं कायद्याचं विवेचन मान्य, पण रेवतीचा पेपर धर्मेतिहासाचा आहे. दुसरं कलम आलं कुठून, हे विचारायला हवं. ते धर्मशास्त्रातून आलं. विधवेला वारसा का? तर ती नवऱ्याचं अर्धं शरीर, जिवंत आहे तोवर नवरा तिच्या रूपाने अर्धा जिवंत, आणि त्याचं श्राद्ध तिने करायचं. दुसऱ्याची झाली की ते अर्धांग संपलं, मग वारसाही संपला. विद्यासागर काय करत होते ते यावरून कळतं. त्यांनी शास्त्र नाकारलं नाही, शास्त्राच्या आतूनच वाट काढली. कलियुगात पराशर प्रमाण, आणि पराशर पाच आपत्तींत दुसरा पती सांगतो. आतून वाट काढायची तर आतले नियमही सोबत येतात.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात तेच. विष्णुशास्त्री पंडितांनी 1860 च्या दशकात विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, 1869 मध्ये पहिलं गाजलेलं लग्न लावलं, लगेच ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार. मार्च 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या अधिकाराखाली शास्त्रार्थ झाला. दोन्हीकडचे शास्त्री पराशर काढून बसले. कोणी म्हणे हा श्लोक वाग्दत्ता वधूबद्दल आहे, कोणी म्हणे विवाहितेबद्दल. पंचांचा कौल पुनर्विवाहाविरुद्ध गेला. कायदा होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी त्या वादात त्याला कोणी विचारलं नाही. कोर्टात लग्न वैध, पण पंक्तीला पान नाही, आणि मुलीच्या बहिणींची लग्नं जमत नाहीत.

गिरीपेठ_चष्मा

ओवीताई, तुम्ही सुधारकांना जरा जास्तच झोडपताय. प्रार्थना समाजाचे लोक जातिभेद मानत नव्हते, त्यांच्या आधीची परमहंस मंडळी तर गुपचूप परजातीच्या हातचा पाव खायची. रानडेंनी आयुष्यभर सामाजिक परिषद चालवली. आपल्या नागपुरातही 1891 साली काँग्रेस भरली तेव्हा सामाजिक परिषद झाली, रानडे इथे बोलले होते. वातावरण बघा त्या काळचं.

ओवी_आणि_असूड

झोडपत नाही, चष्मासाहेब. परमहंस मंडळीचंच घ्या. 1849 च्या सुमारास निघाली, सदस्यांची नावं गुप्त. 1860 च्या सुमारास नावांची यादी बाहेर फुटली आणि मंडळीच विरली. पाव खाण्याइतकं धैर्य होतं, नाव सांगण्याइतकं नव्हतं. रानडेंचंही तसंच. पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये ते विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावलं. त्याच मुलीला त्यांनी शिकवलं आणि रमाबाई रानडे घडल्या, हेही खरंच. मी त्यांना खोटं म्हणत नाही. जात ही त्यांच्यासाठी घरातून येणारी, आईवडिलांच्या तोंडातून बोलणारी गोष्ट होती. पुनर्विवाह करणाऱ्याला जातीबाहेर टाकलं जायचं, म्हणून विधवाविवाहाचा प्रश्न त्यांना जातीचा प्रश्न म्हणून भिडला. जातीच्या खालच्या टोकाला तो वेगळाच दिसतो.

रेवती_महाल

ताई, खालच्या टोकाला म्हणजे फुले? पण फुले तर ब्राह्मण विधवांसाठीच काम करत होते ना, बालहत्या प्रतिबंधक गृह?

ओवी_आणि_असूड

हो, आणि तिथेच गंमत आहे. 1863 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी ते गृह काढलं ते प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी, कारण लग्नबंदी आणि त्यातून होणारी गर्भपातं, बालहत्या तिथे होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. पण उपाय म्हणून फुले पराशर उघडत नाहीत. त्यांच्या लेखी दुखणं श्लोकाच्या चुकीच्या अर्थात नाही, लग्न आणि मरण ज्याच्या हाती आहे त्या पुरोहितात आहे. म्हणून सत्यशोधक समाज 1873 च्या सप्टेंबरात निघाला आणि डिसेंबरात भटाशिवाय लग्न लागलं. श्लोकाची बाजू जिंकण्यापेक्षा श्लोक म्हणणाऱ्याची गरजच संपवायची.

आता आपल्या वऱ्हाडाची बाई घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, 1882 ची 'स्त्री-पुरुष तुलना'. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मीचं: ब्राह्मण विधवा, बालहत्येबद्दल आधी फाशी, मग ती रद्द होऊन सौम्य शिक्षा. ताराबाई मराठा होत्या, सत्यशोधकी घरातल्या. त्यांचा राग नुसता ब्राह्मणांवर नाही. पाट बंद करून आपलं घराणं उंच दाखवायची हौस घरंदाज मराठ्यांतही शिरली होती, तीही त्या सोडत नाहीत. म्हणजे सुधारक वरच्या जातीत पुनर्विवाह सुरू करायला धडपडत होते, आणि त्याच वेळी खालून वर सरकणारी घराणी तो बंद करत होती. रेवती, हे टिपणात घालच.

बर्डीचा_बाळू

आमच्या आजोळी अजूनही म्हणतात, "आमच्यात पाट लागत नाही," अन् मान वर करून म्हणतात. मला वाटायचं हे पूर्वापार असंल.

गिरीपेठ_चष्मा

आर्य समाज कोणी घेतला नाही. दयानंद विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, 1875 मध्ये पुण्यात आले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीला फुले आणि रानडे दोघेही होते.

ओवी_आणि_असूड

मिरवणूक बरोबर. पुरस्कर्ते म्हणताना मात्र सांभाळा. 'सत्यार्थ प्रकाशा'त दयानंद द्विजांतल्या विधवेला, पहिलं लग्न प्रत्यक्षात आलेलं असेल तर, पुनर्विवाह नको म्हणतात आणि नियोग, म्हणजे लग्नाविना फक्त संततीसाठीचा संबंध, सुचवतात. शूद्रांना पुनर्विवाह मोकळा. म्हणजे वर्णाप्रमाणे नियम वेगळा. पुढे त्यांच्या अनुयायांनी विधवाविवाह लावले, पण ते गुरूंपेक्षा दोन पावलं पुढे जाऊन.

रेवती_महाल

शिक्षणाचं काय? तिसरा मुद्दा जोडायचा कसा ते सुचत नाही.

जुनी_सनद

विधवेचाच धागा धरून जा. कायदा झाला तरी लग्नं हाताच्या बोटांवर. मग सुधारकांच्या लक्षात आलं की लग्न हा एकच दरवाजा ठेवला तर बाई बाहेरच राहते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा. 1893 मध्ये तिनेच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आणि मुरुडला कर्व्यांवर बहिष्कार पडला. पण याच कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा भर लग्नावर ठेवला नाही, शिक्षणावर ठेवला. लग्न लावणारी संस्था म्हटली की पालक मुलगी पाठवत नसत, देणगीदार मागे सरत. शिकलेली विधवा लोकांना चालण्यासारखी होती, लग्न केलेली नव्हती.

ओवी_आणि_असूड

काका, हे पुन्हा वरच्या जातीचं शिक्षण झालं. फुल्यांचं 1882 चं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन बाजूला ठेवून बघा. त्यांची तक्रार अशी की शेतकऱ्यांच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. मागणी: प्राथमिक शिक्षण सक्तीचं, निदान बारा वर्षांपर्यंत. कर्व्यांच्या आश्रमात विधवेला आधार म्हणून शिक्षण. फुल्यांकडे शिक्षण नसल्यामुळेच पुरोहिताची सत्ता, म्हणून शिक्षण. दोघांनाही 'स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते' असं एका ओळीत लिहिलं की फरक पुसला जातो.

जुनी_सनद

इथे मी थोडा वेगळा आहे. कर्व्यांच्या आश्रमातून बाहेर पडलेली विधवा पगार आणत होती. तिला दुसऱ्या कलमाची भीती उरली नाही, कारण नवऱ्याच्या जमिनीवर तिचं पोट नव्हतं. कोर्टात हरलेली लढाई या वाटेने थोडी सुटली, भले मोजक्या घरांत. हेतू काही असो, परिणामही मोजावा.

ओवी_आणि_असूड

मोजू या, पण 'मोजक्या घरांत' हे ठळक लिहून. बारा एकरवाल्या कुणबिणीला आश्रमाचा काय उपयोग? तिला जमीन हवी होती.

गिरीपेठ_चष्मा

मुळात सत्यशोधकांना 'हिंदू सुधारणा चळवळ' म्हणावं का, हाच प्रश्न आहे. शीर्षकात 'हिंदू' आहे म्हणून विचारतो.

रेवती_महाल

सरही नेमके तेच विचारणार. सध्या टिपण असं लावतेय: सुरुवात दुसऱ्या कलमापासून, मग बारा एकरांचं उदाहरण, अलाहाबाद-मुंबई फरक, मोनिराम, पुण्याचा शास्त्रार्थ, शेवटी ताराबाई आणि पाट बंद करणारी घराणी. शिक्षण कर्वे विरुद्ध हंटर निवेदन असं एका परिच्छेदात. विद्यासागरांचं चरित्र पूर्ण गाळतेय, ते बाकीचे लिहितीलच.

काका, एकच राहिलं. आपला मध्य प्रांत तर मुंबई हायकोर्टाखाली नव्हता. मग आपल्याकडे पाट लावलेल्या बाईच्या जमिनीचं काय व्हायचं?

जुनी_सनद

बरोबर पकडलंस. नागपूरला तेव्हा ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, हायकोर्ट 1936 मध्ये आलं. त्या कोर्टाचे जुने निकाल छापील खंडांत मिळतात, एखाद्या जुन्या वकिलाच्या कपाटात किंवा बार लायब्ररीत. बर्डीवर माझे एक मित्र आहेत, रविवारी त्यांच्याकडे खंड बघायला जाऊ. येतेस का?

बर्डीचा_बाळू

मी पण येतो. आजोळच्या पाटाचं कोर्टात काही निघते का बघतो.